पावतीची मागची बाजू

माझ्या भाचीच्या लग्नासाठी कार्यालय ठरवायला ताई आणि भावजी ऑगस्टमध्ये गेले, तेव्हा मी बरोबर नव्हतो. मुहूर्त फेब्रुवारीतला होता. पुण्यातलं ते कार्यालय दोघांनाही आवडलं आणि मॅनेजर म्हणाला, "याच तारखेसाठी संध्याकाळी आणखी दोघं येणार आहेत." भावजींनी उभ्या उभ्या ९०,००० रुपये भरले. पावती मिळाली. पुढच्या बाजूला नाव, तारीख, रक्कम आणि शिक्का होता. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत 'नियम व अटी' छापल्या होत्या, एकूण एकवीस. पावती घरी आली, देवघरातल्या डब्यात गेली आणि सगळे पत्रिकेच्या मागे लागले.

लग्नाला ४१ दिवस उरले असताना नवऱ्या मुलाच्या आजी गेल्या. त्या घरात आजींशिवाय पान हलत नसे. सुतक तेरा दिवसांत फिटणार होतं, पण त्या दुःखात वाजतगाजत लग्न करायला कुणाचंच मन होईना. दोन्ही घरांनी बसून तारीख पुढे ढकलायचं ठरवलं. दुसऱ्याच दिवशी भावजींनी कार्यालयात फोन केला. मॅनेजरनं हळहळ व्यक्त केली आणि म्हणाला, "साहेब, पावतीच्या मागची नववी अट बघा."

ती अट अशी होती: "कार्य रद्द झाल्यास ६० दिवसांपेक्षा आधी कळवल्यास २५ टक्के, ६० ते ३० दिवसांत ५० टक्के व ३० दिवसांच्या आत १०० टक्के रक्कम कापली जाईल." भावजींनी हिशेब केला की भरले ९०,०००, त्याचे ५० टक्के म्हणजे ४५,००० गेले आणि ४५,००० परत येतील. मॅनेजरचा हिशेब वेगळा होता. कार्यालयाचं भाडं १,८०,०००, त्याचे ५० टक्के म्हणजे ९०,०००. तेवढेच तुम्ही भरले आहेत, म्हणून परत काहीच येणार नाही.

दोघंही एकच वाक्य वाचत होते. 'रक्कम कापली जाईल' एवढंच लिहिलं होतं. कोणती रक्कम, हे लिहिलेलं नव्हतं. त्या एका शब्दाच्या अभावी ४५,००० रुपये अडकले, आणि त्या दिवशी ताईनं मला बोलावून घेतलं. मी काही वकील नाही. पण गेली काही वर्षं ग्राहक चळवळीत तक्रारींचे अर्ज लिहून देतो आणि मंगल कार्यालयांच्या पावत्या त्यात बऱ्याच येतात. त्या वाचता वाचता जे कळलं, ते इथे सांगतो.

पहिली गोष्ट, कार्यालय ठरवताना बहुतेक वेळा 'करार' नावाचा वेगळा कागद नसतोच. ती पावती हाच करार असतो. आपण पैसे देतो, ते तारीख देतात आणि मागच्या अटी दोघांनाही लागू आहेत असं धरलं जातं. म्हणून पैसे देण्याआधी कोरी पावती मागून घ्यायची आणि ती पुढून नव्हे, मागून वाचायला सुरुवात करायची. तारीख हातची जाईल या धास्तीनं हे राहून जातं. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्तांची झुंबड उडते, चांगल्या तारखा मोजक्या असतात, हे खरं आहे. पण एकवीस अटी वाचायला वीस मिनिटं लागतात, आणि वीस मिनिटं थांबायला तयार नसलेलं कार्यालय अडचणीच्या दिवशी कसं वागेल, याचा अंदाज तिथेच येतो.

आता पैशांचं नाव काय आहे ते बघू. कुठल्या पावतीवर 'अॅडव्हान्स' असतं, कुठे 'बुकिंग रक्कम', कुठे 'अनामत', तर जुन्या कार्यालयांत अजून 'विसार'. आपण हे सगळे शब्द एकाच अर्थानं वापरतो. पण ते एक नव्हेत. विसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण. देणाऱ्यानं सौदा मोडला तर ती रक्कम जप्त होऊ शकते. अॅडव्हान्स म्हणजे एकूण किमतीतला आधी दिलेला हिस्सा. अनामत म्हणजे नासधूस, विजेचं बिल वगैरेंसाठी ठेवलेली आणि हिशेब होऊन परत यायची रक्कम. विसार जप्त करता येतो, पण किमतीचा आधी भरलेला हिस्सा त्या न्यायानं जप्त करता येत नाही, हा फरक सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल या खटल्यात स्पष्ट केला. तो खटला घराच्या व्यवहाराचा होता, पण त्यातला विचार कार्यालयाच्या पावतीलाही उपयोगी पडतो. म्हणून पावतीवर कोणता शब्द आहे ते बघा. निम्म्या भाड्याला 'विसार' म्हटलेलं असेल, तर तिथेच विचारा. विसार ही छोटी रक्कम असते, निम्मी किंमत नसते.

रकमेच्या बाबतीत आणखी एक सवय मी नेहमी बघतो. कार्यालयवाले सुचवतात, "अर्धे रोख द्या, पावती अर्ध्याची करू, तुमचा जीएसटी वाचेल." नुसत्या हॉलच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी आहे, १,८०,००० भाड्यावर तो ३२,४०० रुपये होतो. त्यामुळे मोह होणं साहजिक आहे. पण उद्या तारीख रद्द झाली, तर तुमच्या हातात फक्त अर्ध्या रकमेचा पुरावा उरतो. नोंदणीकृत कार्यालयानं अॅडव्हान्स घेतला की जीएसटी क्रमांक असलेली रीतसर पावती द्यायलाच हवी. तीच घ्या, आणि पैसे शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयनं कार्यालयाच्या खात्यात टाका, मॅनेजरच्या वैयक्तिक खात्यात नव्हे.

मग येते रद्द करण्याची अट. भाचीच्या पावतीवरून लक्षात आलंच असेल की टक्का कशाचा, भरलेल्या रकमेचा की एकूण भाड्याचा, हा पहिला प्रश्न. दुसरा, दिवस कुठून मोजायचे? लग्न रविवारी असलं, तरी कार्यालय शनिवारी दुपारी सीमांतपूजनासाठी ताब्यात येतं. काही जण शनिवारपासून उलटे मोजतात, काही रविवारपासून. तीस दिवसांच्या काठावर असाल तर त्या एका दिवसानं ५० टक्क्यांचे १०० टक्के होतात. तिसरा प्रश्न कळवण्याचा. भावजींनी फोन केला तेव्हा ४० दिवस बाकी होते, पण मॅनेजरनं लेखी अर्ज आणि मूळ पावती मागितली. ती शोधून, अर्ज लिहून द्यायला चार दिवस गेले. सुदैवानं त्यानं टप्पा बदलला नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर फोन ठेवताच व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलवर एक ओळ टाका: "आज आपल्याशी बोलल्याप्रमाणे अमुक तारखेचं बुकिंग रद्द करत आहोत." तारीख त्या संदेशाची धरली जावी, असा आग्रह मग धरता येतो.

पण माझ्या मते या सगळ्याहून मोठा प्रश्न चौथा आहे आणि तो बहुतेक पावत्यांवर नसतोच. आपण सोडलेली तारीख कार्यालयानं दुसऱ्या कुणाला दिली, तर आपल्या पैशांचं काय?

हा प्रश्न समजण्यासाठी कायद्याकडे थोडं वळावं लागेल. भारतीय करार अधिनियम १८७२ सालचा आहे आणि त्याचं कलम ७४ अगदी याच परिस्थितीसाठी आहे. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी लागेल असं करारात लिहिलं असलं, तरी समोरच्याला ती आपोआप मिळत नाही. त्याला मिळते वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. कार्यालयाच्या भाषेत सांगायचं तर पावतीवरचे '५० टक्के' ही छापील किंमत नव्हे. त्याच्या वर जाता येत नाही, पण त्याच्या खाली यावं लागू शकतं. २०१५ साली कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे आणखी स्पष्ट केलं. मुळात नुकसान झालेलं असलं पाहिजे. ते दाखवता येण्याजोगं असेल तर दाखवलं पाहिजे. नुकसान मोजणं अवघडच असेल, तर करारात लिहिलेली रक्कम, ती खरोखर अंदाजानं ठरवलेली असल्यास, ग्राह्य धरता येते.

कार्यालयाचं नुकसान मोजणं अवघड आहे का? मला तसं वाटत नाही. तारीख रिकामी गेली तर भाडं बुडालं. तारीख दुसऱ्याला गेली तर पावती फाडण्याचा, नोंदी बदलण्याचा खर्च झाला, कदाचित घाईत थोडं कमी भाडं घ्यावं लागलं. दोन्ही आकडे त्यांच्या वहीत असतात. आणि इथे मला कार्यालयवाल्यांची बाजूही मांडली पाहिजे. मुहूर्त नसलेल्या दिवसाची तारीख, किंवा पंधरा दिवसांवर आलेली तारीख, कुणी घेत नाही. त्यांचे वॉचमन, सफाईवाले, वीज, मालमत्ता कर चालूच असतात. तशा वेळी त्यांनी मोठी रक्कम ठेवली, तर ती अन्याय नाही. पण भर फेब्रुवारीतला मुहूर्त ४० दिवस आधी मोकळा झाला, तर तो तसाच पडून राहत नाही.

आमच्या बाबतीतही तो पडून राहिला नाही. ताईच्या शेजारणीला त्याच तारखेला, त्याच कार्यालयातल्या लग्नाचं आमंत्रण आलं. ती जाऊन जेवून आली. तिच्याकडच्या पत्रिकेवर कार्यालयाचं नाव आणि तारीख छापलेली होती. आम्ही त्या पत्रिकेची झेरॉक्स जोडून कार्यालयाला पत्र लिहिलं. त्यात रागाचा एकही शब्द नव्हता. तारीख कधी सोडली, ती पुन्हा कशी दिली गेली, नववी अट कशी दोन अर्थांची आहे, आणि संदिग्ध अटीचा अर्थ ती लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा हे तत्त्व न्यायालयं मानत आली आहेत, एवढं लिहिलं. कलम ७४ चा उल्लेख केला. पंधरा दिवसांत उत्तर मागितलं. पत्र पोचपावतीसह टपालानं पाठवलं.

उत्तर आलं नाही. दुसऱ्या पत्रात आम्ही ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ चा आधार घेतला. त्या कायद्यात 'अन्याय्य करार' कशाला म्हणायचं याची व्याख्या दिलेली आहे. करार मोडल्यामुळे समोरच्याचं जे नुकसान झालं, त्याच्या मानानं अगदीच अवाजवी दंड ग्राहकावर लादणारी अट त्या व्याख्येत स्पष्टपणे मोडते. यात एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. 'ही अटच अन्याय्य आहे, ती रद्द करा' अशी तक्रार राज्य आयोगाकडे करायची असते. सेवेत कसूर झाली, कबूल केलेलं दिलं नाही, अशी तक्रार असेल तर भरलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेपर्यंत ती जिल्हा आयोगाकडे जाते. पावतीवर 'वाद फक्त अमुक शहराच्या न्यायकक्षेत' असं छापलेलं असलं, तरी ग्राहकाला आपण राहतो त्या ठिकाणच्या आयोगात तक्रार करता येते. हा हक्क २०१९ च्या कायद्यानं दिला आहे. नाशिकची मुलगी, कोल्हापूरचं कार्यालय, अशा लग्नांत त्याचं मोल कळतं.

दुसऱ्या पत्रानंतर आठवड्यानं मॅनेजरचा फोन आला. घासाघीस झाली. त्यांनी भाड्याच्या १० टक्के, म्हणजे १८,००० रुपये ठेवले आणि ७२,००० परत केले. शेवटपर्यंत लढलो असतो तर कदाचित आणखी मिळाले असते. भावजींना घरात दुःख असताना आयोगाच्या तारखा नको होत्या, आणि १८,००० ही रक्कम त्यांना पटण्याजोगी वाटली. मलाही ती तडजोड वावगी वाटली नाही.

सरकारी बंदीचा मुद्दा इथेच सांगून टाकतो. करोनाच्या काळात, मार्च २०२० नंतर, कार्यालयं बंद झाली तेव्हा 'पैसे परत नाहीत, हवी तर तारीख बदला' असं उत्तर असंख्य घरांना मिळालं. करार पूर्ण करणं कायद्यानंच अशक्य झालं, तर करार अधिनियमाच्या कलम ५६ प्रमाणे तो निरर्थक ठरतो आणि कलम ६५ प्रमाणे घेतलेला लाभ परत करावा लागतो. पण एप्रिल २०२१ मध्ये राज्यात २५ माणसांत, दोन तासांत लग्न उरकायची परवानगी होती. लग्न अशक्य नव्हतं. पाचशे माणसांचं कार्यालय घेण्यात मात्र काही अर्थ उरला नव्हता. खरे वाद अशा जागी होतात. त्यामुळे पावतीवर 'सरकारी निर्बंध आल्यास' अशी अट असेल, तर त्यात बंदीसोबत माणसांच्या संख्येवरची मर्यादाही लिहून घ्यावी. आणि घरातला मृत्यू किंवा गंभीर आजार 'नैसर्गिक आपत्ती'त धरला जात नाही, हे आमच्यासारखं नंतर कळण्यापेक्षा आधी माहीत असावं. निदान एकदा, विनाशुल्क तारीख बदलून मिळण्याची सोय त्यासाठी मागून घेता येते.

उलटी बाजूही वाचा. कित्येक पावत्यांवर असतं: "कोणतेही कारण न देता बुकिंग रद्द करण्याचा अधिकार व्यवस्थापनास राहील, अशा वेळी फक्त भरलेली रक्कम परत मिळेल." लग्नाला दहा दिवस राहिले असताना ९०,००० परत मिळून काय करायचं? पत्रिका वाटून झालेल्या असतात. सबळ कारणाशिवाय एकतर्फी करार मोडण्याचा अधिकार देणारी अटही 'अन्याय्य करारा'च्या व्याख्येत येते. तिथे 'कार्यालयाकडून रद्द झाल्यास त्याच दर्जाची पर्यायी जागा, अन्यथा भाड्याइतकी भरपाई' असं लिहून घ्यावं.

लग्न पुढे एप्रिलमध्ये ठरलं. दुसरं कार्यालय बघायला या वेळी मीही गेलो. भाडं तेच, १,८०,०००, आणि मॅनेजरचं वाक्यही ठरावीक: "सगळं त्यात आलं, काका. तुम्ही फक्त माणसं घेऊन या."

'सगळं' म्हणजे काय, ते विचारायला मी वही उघडली. आधी वेळ. भाडं 'दीड दिवसाचं' होतं. दीड दिवस म्हणजे आदल्या दिवशी दुपारी ४ ते लग्नाच्या दिवशी दुपारी ४. हे मोजले तर २४ तास होतात. मुहूर्त १२ वाजून काही मिनिटांचा. अक्षता पडल्यावर पंगती सुरू होणार, शेवटची पंगत साडेतीनला उठणार, मग नवरा-नवरीचं जेवण, विहिणींची पंगत, पाठवणी, खोल्यांतलं सामान, रुखवताची आवराआवर. चारला किल्ल्या देणं कुणालाच जमत नाही. त्यापुढच्या प्रत्येक तासाला ६,००० रुपये होते. ही गोष्ट मुहूर्त पाहूनच कळते. दुपारच्या मुहूर्ताला दुपारी चारची वेळ पुरत नाही, म्हणून सहापर्यंतची वेळ त्याच भाड्यात मागून घ्यायची. संध्याकाळी स्वागत समारंभ असेल तर आणखी एक बघायचं: हॉल अकरापर्यंत दिलेला असला, तरी ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे मोकळ्या जागेत रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. समारंभ मोकळ्या जागेत असून ऑर्केस्ट्रावाल्याला अकरापर्यंतचे पैसे दिलेत, तर शेवटच्या तासाचे वाया जातात.

मग वीज. 'लाइट त्यात आला' याचा अर्थ दिवे लागतील एवढाच होता. विजेचं बिल मीटरवरून, युनिटला २० रुपये दरानं वेगळं. एसी लावला की युनिटं भराभर पडतात. वीज गेली तर जनरेटर, तासाला १,५०० रुपये. इथे एकच काम करायचं असतं: ताबा घेताना आणि सोडताना मीटरचा फोटो काढायचा, आणि घरातल्या एखाद्या जबाबदार मुलावर ते सोपवायचं. लग्नाच्या धांदलीत नेमकं हेच राहतं आणि मग आकडा त्यांचाच चालतो.

डेकोरेशन. भाड्यात 'स्टेज डेकोरेशन' होतं. विचारल्यावर कळलं की स्टेजच्या मागे कापडी पडदा, दोन सिंहासन-खुर्च्या आणि प्रवेशद्वाराला एक कृत्रिम तोरण. ताजी फुलं हवी असतील तर आमचा माणूस, त्याचे दर वेगळे. भाचीला तिच्या मैत्रिणीकडून डेकोरेशन करून घ्यायचं होतं. "चालेल की. फक्त बाहेरच्या डेकोरेटरची रॉयल्टी पंधरा हजार." हा शब्द पावतीवर नव्हता, भिंतीवरच्या फलकावर होता. बाहेरचा केटरर, बाहेरचा फोटोग्राफर, बाहेरचा साउंडवाला, या प्रत्येकासाठी अशी रक्कम असते का, हे नावानिशी विचारावं लागतं. पैसे भरल्यानंतर कळलं तर बोलायला जागा राहत नाही.

मी वहीत बेरीज केली. भाडं आणि त्यावरचा जीएसटी मिळून २,१२,४००. वीज साधारण ३४० युनिट धरून ६,८००. जनरेटर दोन तास, ३,०००. साफसफाई ५,०००. रॉयल्टी १५,०००. जास्तीचे दोन तास १२,०००. एकूण २,५४,२००, आणि या वरच्या रकमांवरचा कर मी धरलाही नव्हता. सांगितलेलं भाडं आणि हातचे जाणारे पैसे यांत ७४,२०० चं अंतर होतं. मॅनेजर लबाड नव्हता. प्रत्येक गोष्ट विचारल्यावर त्यानं सांगितली. न विचारता मात्र काहीच सांगितलं नव्हतं. दोन कार्यालयांची तुलना करायची तर ती भाड्यांची करून उपयोग नाही, अशा पूर्ण बेरजांची करायला हवी. स्वस्त वाटणारं कार्यालय तिथे कित्येकदा महाग निघतं.

जेवणाचा करार वेगळा होता आणि तिथे घोळ सगळ्यात जास्त होतो. केटररनं ताटाला ५५० रुपये सांगितले आणि 'मिनिमम गॅरंटी ५००'. म्हणजे माणसं ४२० जेवली तरी पैसे ५०० ताटांचे. न जेवलेल्या ८० ताटांचे ४४,००० रुपये. गॅरंटी असणं गैर नाही. केटरर त्या आकड्यावर भाजी, तूप, दूध आणि वाढपी ठरवतो. पण तो आकडा आपण कधीपर्यंत बदलू शकतो, हे लिहिलेलं हवं. आम्ही सात दिवस आधीपर्यंत १० टक्के कमी-जास्त करण्याची मुभा लिहून घेतली. पत्रिका वाटून झाल्यावर, गावाकडून किती जण येणार हे कळल्यावर, आकडा तेव्हाच खरा होतो.

दुसरा वाद मोजणीचा. पंगतीत पानं मोजता येतात. बुफेत ताटं मोजतात, आणि एकच माणूस गोडासाठी दुसरं ताट घेतो तेव्हा ते दोन होतात. म्हणून सुरुवातीला मांडलेली ताटं आणि शेवटी उरलेली ताटं, दोन्ही वेळा आपल्याकडच्या एकानं केटररच्या माणसाबरोबर उभं राहून मोजावीत आणि कागदावर दोघांनी सही करावी. फोटोग्राफर, बँडवाले, गाड्यांचे ड्रायव्हर, गुरुजी यांची पानं याच मोजणीत की वेगळी? पाच वर्षांखालच्या मुलांचं ताट धरायचं का? सकाळचा नाश्ता आणि सीमांतपूजनाचं रात्रीचं जेवण त्याच दरात की वेगळं? मेनूत 'एक गोड' लिहिलं असेल तर श्रीखंड की जिलेबी, आणि श्रीखंड आग्रहानं वाढणार की एक वाटी? हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. पण भर पंगतीत वाढपी 'गोड संपलं' म्हणाला की मुलीच्या बापाची मान खाली जाते, आणि त्या वेळी तो मागितलेले जास्तीचे पैसे मुकाट्यानं देतो. मी ते पाहिलेलं आहे.

हे सगळं कागदावर आणायला वकील लागत नाही, स्टॅम्पपेपरही लागत नाही. आम्ही त्याच छापील पावतीवर मोकळ्या जागेत पेनानं लिहिलं, दोघांनी त्याखाली सही केली, कार्यालयाचा शिक्का घेतला आणि लगेच फोटो काढून मॅनेजरला व्हॉट्सअॅपवर पाठवला. जागा पुरली नाही तेव्हा साध्या कागदावर लिहून त्यावर पावतीचा क्रमांक टाकला. मॅनेजर सुरुवातीला म्हणाला, "छापील अटींत बदल करता येत नाही." मालकाशी फोनवर बोलणं झाल्यावर करता आला. मुहूर्ताच्या तारखेसाठी त्यांना गिऱ्हाईक मिळेलच, हे मला ठाऊक होतं. पण ९०,००० रुपये समोर घेऊन बसलेलं गिऱ्हाईक परत पाठवायलाही कुणी उत्सुक नसतं. आपली बाजू पैसे देईपर्यंतच भक्कम असते, म्हणून हे बोलणं त्याआधी करायचं.

त्यातलं एक वाक्य इथे जसंच्या तसं देतो. ते कुणीही उतरून घ्यावं आणि रक्कम आपल्या हिशेबानं बदलावी: "बुकिंग रद्द केल्यास टक्केवारी भरलेल्या रकमेवर मोजली जाईल. रद्द केलेल्या तारखेला कार्यालय अन्य व्यक्तीस दिले गेल्यास प्रशासकीय खर्चापोटी रु. १०,००० वजा करून उर्वरित सर्व रक्कम कार्यतारखेनंतर १५ दिवसांत परत केली जाईल."

भाचीचं लग्न एप्रिलमध्ये त्याच कार्यालयात लागलं. शेवटचं बिल २,२७,००० च्या थोडं आत आलं, कारण वेळ सहापर्यंत करून घेतली होती आणि रॉयल्टी माफ झाली होती. मीटरचे दोन्ही फोटो माझ्या मोबाइलमध्ये अजून आहेत.

ज्यांचे पैसे आजही एखाद्या कार्यालयात अडकलेले आहेत, त्यांच्यासाठी दोन आकडे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आणि ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही. पावती अजून डब्यात असेल, तर आज काढून तिची मागची बाजू वाचा.